पंचवीस की बावन्न?

माझ्याकडे एक जुनी फाईल आहे. तेहतीस वर्षांच्या नोकरीत जितक्या वेळा वर्गावर तपासणी झाली, त्या सगळ्या शेऱ्यांच्या नकला मी तिच्यात जपून ठेवल्या आहेत. "आवाज स्पष्ट. फलकलेखन सुवाच्य. वर्गनियंत्रण उत्तम. पाठ टाचण अद्ययावत." असे शेरे वाचून त्या त्या वेळी मला किती बरं वाटलं असेल! मागच्या महिन्यात ती फाईल पुन्हा काढून बसले आणि पहिल्यांदाच एक गोष्ट खटकली. एवढ्या शेऱ्यांत एकाही मुलाने वहीत काय लिहिलं होतं, याचा कुठे उल्लेख नाही. साहेब वर्गात यायचे, मागच्या बाकावर बसायचे, माझ्याकडे आणि फळ्याकडे बघायचे. मुलांची त्यांना फक्त पाठ दिसायची. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही आणि मलाही नाही.

फाईल काढायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती साताऱ्याच्या पश्चिमेकडे डोंगरात एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. जानेवारीत तिचा फोन आला. "मावशी, आम्ही पाच जण मिळून एकच पाठ तयार करतोय, तिसरीच्या वजाबाकीचा. एक जण शिकवणार, बाकीचे बघणार, मग दुरुस्त करून दुसऱ्या शाळेत दुसरा शिकवणार. तू येतेस का बघायला? बाहेरचं कुणीतरी हवंय." मी म्हटलं, अगं, मी मराठी आणि इतिहास शिकवणारी, वजाबाकीत मला काय कळणार? तर म्हणाली, "म्हणूनच ये. आम्हाला वजाबाकी फार कळते, त्यामुळे मुलांचं काय होतंय ते दिसत नाही."

गेले. आणि जे पाहिलं ते इथे सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या पद्धतीबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते नुसतं सांगून पटणार नाही.

ही पद्धत मूळची जपानची. तिकडे तिला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. जुग्यो म्हणजे पाठ, केन्क्यू म्हणजे अभ्यास किंवा संशोधन. मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, तिकडच्या शाळांत तिची मुळं सापडतात. बाहेरच्या जगाला ती नीट कळली ती १९९९ साली स्टिगलर आणि हीबर्ट या दोन अमेरिकन संशोधकांचं 'द टीचिंग गॅप' हे पुस्तक आल्यावर. चार-पाच शिक्षक एकत्र बसतात, मुलांना नेमकं काय अवघड जातंय ते ठरवतात, त्यावर एकच पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात, मग चर्चा होते. पुष्कळदा तिथेच थांबतात. कधी कधी दुरुस्त केलेला पाठ दुसऱ्या वर्गावर पुन्हा घेतात.

वाचायला अगदी साधं वाटतं. आपल्याकडे डी.एड., बी.एड.ला पाठ घेतलेल्यांना तर वाटेल, यात नवीन ते काय? आम्हीही पाठ काढले, मैत्रिणींनी मागे बसून निरीक्षण लिहिलं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठही होतात. फरक कुठे आहे ते मला भाचीच्या टाचणाच्या कागदावर दिसलं.

त्या कागदावर चार रकाने होते. पहिल्यात शिक्षक काय विचारणार. दुसऱ्यात मुलं काय उत्तरं देतील. तिसऱ्यात त्या प्रत्येक उत्तरावर शिक्षक काय करणार. चौथ्यात निरीक्षकांनी काय बघायचं. आमच्या टाचणात 'विद्यार्थी कृती' असा रकाना असायचा, आणि त्यात आम्ही लिहायचो, "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील, अचूक उत्तरे देतील." इथे दुसऱ्या रकान्यात सगळ्या चुका लिहिल्या होत्या! आणि त्याच रकान्यासाठी या मंडळींनी तीन शनिवार दुपारपर्यंत बसून घालवले होते.

उदाहरण असं होतं. टोपलीत बावन्न बोरं होती, अडतीस वाटली, किती उरली? ५२ वजा ३८, उत्तर १४. एककात दोनातून आठ जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करायचा, बारातून आठ गेले चार, चारातून तीन गेले एक. ही वजाबाकी मुलं दुसरीत शिकलेली होती, तिसरीत पुन्हा झाली होती, तरी चाचणीत बरीच मुलं चुकत होती. का चुकतात, हा या पाच जणांचा प्रश्न.

दुसऱ्या रकान्यात त्यांनी चार उत्तरं धरली होती. एक, २६. दोनातून आठ जात नाहीत, तर आठातून दोन काढून टाकायचे, सहा. मग पाचातून तीन, दोन. ही चूक प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची. दोन, २४. दशक सुटा केला, बारातून आठ काढून चार लिहिले, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला. तीन, १४, हातच्याच्या रीतीने. चार, तेही १४, पण वरवर मोजत. अडतीसला दोन मिळवले चाळीस, दहा पन्नास, आणखी दोन बावन्न, म्हणजे चौदा. शेवटची रीत कुणी केली तर तिला फळ्यावर जागा द्यायची, असंही तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं.

आकडे निवडण्यामागेही विचार होता. ५२ आणि ३८ घेतले की प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं. वहीत २६ दिसले की मुलाने काय केलं ते लगेच कळतं. जपानी शिक्षक या बाबतीत फार काटेकोर असतात म्हणे. पहिलीच्या वजाबाकीला १३ वजा ९ घ्यायचे की १२ वजा ३, यावर ते तासभर बोलू शकतात. कारण १३ वजा ९ मध्ये दहातून नऊ काढून उरलेला एक तीनात मिळवावा असं मुलांच्या मनात येतं, आणि १२ वजा ३ मध्ये आधी दोन काढून बारावरून दहावर यावं आणि मग आणखी एक काढावा असं वाटतं. आकडे बदलले की मुलाचा विचारच बदलतो. मी आयुष्यात कधी आकडे असे निवडले नव्हते. चौथीला गणित शिकवलं तेव्हा पुस्तकातलं उदाहरण संपलं की मनाला येतील ते आकडे फळ्यावर लिहायचे.

आता पहिला पाठ. वर्गात चोवीस मुलं. शिकवणार होते गटातले सगळ्यांत तरुण सर. आम्ही निरीक्षक सहा जण, चार शिक्षक, केंद्रप्रमुख आणि मी. प्रत्येकाला चार मुलं वाटून दिलेली, हातात वर्गाचा बसण्याचा नकाशा. नियम दोनच. आपल्या चार मुलांनी काय लिहिलं, काय खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं, ते जसंच्या तसं टिपायचं. आणि मुलांना मदत करायची नाही. एका शब्दानेही नाही.

सरांनी गोष्ट फार छान सांगितली. वाचनात मागे असलेली मुलं अडू नयेत म्हणून गोष्ट फळ्यावर लिहायची नाही, तोंडीच सांगायची, असं ठरलेलं होतं. मुलांनी पाटीपेन्सिली... नव्हे, वह्या काढल्या. (हात अजून जुन्या वळणाने लिहितो.) माझ्या वाट्याला आलेल्या मुलींपैकी एक चुणचुणीत, दोन वेण्या घातलेली. तिने झरझर लिहिलं, वर २५ आणि खाली ८३.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पंचवीस आणि त्र्याऐंशी. मग तिने उभी वजाबाकी केली. पाचातून तीन, दोन. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन, सहा. उत्तर ६२. टोपलीत होती त्याहून जास्त बोरं उरली!

क्षणभर काही कळेना, आणि मग एकदम लख्ख कळलं. सर म्हणाले "बावन्न". त्यात आधी काय ऐकू येतं? बा. म्हणजे दोन. पन्नास मागाहून येतात. "अडतीस" मध्ये आधी आठ, मग तीस. मूल ऐकलं त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे लिहीत गेलं. दोन, मग पाच. आठ, मग तीन. आपली मराठी एकक आधी बोलते आणि आकडा दशकापासून लिहिते. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला हे वयाच्या पंच्याहत्तरीला एका तिसरीतल्या मुलीच्या वहीत दिसावं!

माझ्या दुसऱ्या मुलाने ५२ बरोबर लिहिले, पण खाली ८३. त्याच्याकडे बघताना माझ्या हातून नियम मोडला. तेहतीस वर्षांची सवय, बोट आपोआप त्या ८३ वर गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, खोडलं, ३८ लिहिले आणि पुढे गणित बरोबर केलं. मला आधी आनंदच झाला. पण चर्चेत त्याची पाळी आली तेव्हा मला मान खाली घालून सांगावं लागलं की याचं पुढे काय झालं असतं ते आता आपल्याला कधीच कळणार नाही, कारण मी मध्ये पडले. मदत न करण्याचा नियम मला तोवर निष्ठुर वाटत होता. तो कशासाठी आहे ते तेव्हा समजलं.

पुढे सरांनी दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वाटल्या. दोन वेण्यावालीने बावन्न म्हटल्याबरोबर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या उचलल्या. अगदी बरोबर! म्हणजे बावन्न म्हणजे किती, हे तिला पक्कं माहीत होतं. मग तिने काड्यांकडे पाहिलं, वहीतल्या २५ कडे पाहिलं, पुन्हा काड्यांकडे पाहिलं. तेवढ्यात सर दुसऱ्या मुलाला फळ्यावर बोलावून पुढे गेले होते. तिने खोडलं नाही. वहीवर हळूच तळहात ठेवला आणि पाठ संपेपर्यंत तो तसाच होता.

शाळा सुटल्यावर चर्चा झाली. रिवाज असा की पाठ घेणाऱ्याने आधी बोलायचं. सर म्हणाले, पाठ बरा झाला, तिघांनी फळ्यावर रीत समजावून सांगितली, मुलं रमली. केंद्रप्रमुखांनी सवयीने सुरुवात केली, "आवाज चांगला होता, साहित्याचा वापर..." तेव्हा भाची नम्रपणे म्हणाली, "सर, आपल्या चार मुलांनी काय लिहिलं ते आधी सांगता का?" ते हसले, आणि त्यांनी कागद उलगडला. मला त्यांचं कौतुक वाटलं.

एकेकाने आपल्या चार मुलांचं सांगितलं आणि फळ्यावर बेरीज झाली. चोवीसपैकी आठ मुलांचं उत्तर बरोबर. सहा मुलांचे २६. दोघांचे २४. एकाने काहीच लिहिलं नाही. आणि उरलेल्या सात मुलांनी दोन्हीपैकी निदान एक आकडा उलटा लिहिला होता. ही सात मुलं हातच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यांची वजाबाकी सुरू होण्याआधीच बिघडली होती.

दुसऱ्या रकान्यात या चुकीला जागाच नव्हती. पाच अनुभवी शिक्षकांनी तीन शनिवार बसून ती धरली नव्हती. आकडे उलटे होतात हे पहिलीला शिकवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिसरीत ते मागे पडलं असेल असं सगळे गृहीत धरून चालले होते. चाचणीत गणित आकड्यांतच छापलेलं असतं, त्यामुळे तिथे ही चूक दिसायचा प्रश्नच नाही. आणि तोंडी गणिताच्या वहीत ६२ वर लाल फुली पडते, "हातचा समजला नाही" म्हणून.

माझं मत ठाम झालं ते इथे. या सगळ्या खटाटोपाचा जीव त्या दुसऱ्या रकान्यात आहे. मुलं काय करतील हे आधी लिहून ठेवलं होतं, म्हणूनच जे लिहिलं नव्हतं ते घडल्यावर आम्ही चमकलो. आधी अंदाजच बांधला नसता तर ते ६२ आणखी एक चुकीचं उत्तर म्हणून विरून गेलं असतं. ज्या टाचणात मुलांची फक्त बरोबर उत्तरं लिहिलेली असतात, तो पाठ कितीही जणांनी मिळून आखलेला असो, त्याला मी प्रदर्शन म्हणेन. आणि असा पाठ ओळखायची आणखी एक खूण सांगते. निरीक्षकांच्या खुर्च्या कुठे आहेत ते बघा. भिंतीला टेकून मागे मांडल्या असतील तर समजायचं की सगळे शिक्षकाला बघायला आले आहेत.

दुरुस्तीवर मात्र चांगलीच जुंपली. गटातल्या ज्येष्ठ बाईंचं म्हणणं, गोष्ट फळ्यावर आकड्यांत लिहा, झालं. एका गुरुजींचं म्हणणं, मग ती सात मुलं पुन्हा झाकली जातील, आत्ता कुठे सापडली आहेत. दोघांचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की या पाठाचा प्रश्न हातच्याचा आहे, तेव्हा आकडे फळ्यावर लिहायचे, म्हणजे हातचा स्वच्छ दिसेल. आणि ऐकून आकडे लिहिण्याचा वेगळा सराव त्या सात मुलांसाठी सरांनी दुसऱ्याच दिवसापासून सुरू करायचा. दुसरा बदल, काड्या आधी आणि वही नंतर. बोरांचे आकडे तेच ठेवले. कुणीतरी ४३ वजा २९ सुचवलं होतं, त्यावर भाची म्हणाली, "नको बाई, एकोणतीस! त्यात ऐकू येतात तीस आणि लिहायचे दोन."

तीन आठवड्यांनी दुसऱ्या शाळेत भाचीने पाठ घेतला. एकवीस मुलं, निरीक्षक आम्ही पाच. आकडे फळ्यावर होते, त्यामुळे उलटापालट झाली नाही. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या, त्यातल्या अडतीस वाटायच्या. तीन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या, आता आणखी सहा कुठून आणायच्या? मुलं थबकली. मग एकीने रबर काढून गठ्ठा सोडला आणि बघता बघता वर्गभर रबरं सुटली. एकवीसपैकी एकोणीस मुलांच्या बाकावर एक गठ्ठा आणि चार सुट्या काड्या उरल्या. चौदा. मी मनात म्हटलं, जिंकलं!

मग वह्या निघाल्या. तेरा मुलांनी १४ लिहिले. एकाने २४. दोघांचं अपुरं राहिलं. आणि पाच मुलांनी लिहिले २६. त्या पाचही जणांच्या समोर बाकावर चौदा काड्या पडलेल्या होत्या!

भाची त्यांतल्या एकापाशी थांबली. तिने चूक दाखवली नाही. विचारलं, "काड्या किती उरल्या?"
"चौदा."
"आणि वहीत?"
"सव्वीस."
"मग खरं कोणतं?"
तो जराही न गोंधळता म्हणाला, "वहीतलं." मग तिला अजून कळलेलं दिसत नाही म्हणून समजावलं, "काड्या खेळायच्या असतात, बाई."

संध्याकाळच्या चर्चेत याच उत्तरावर सगळ्यात जास्त वेळ गेला. आम्हाला वाटलं होतं काड्यांनी समजलं की कागदावर आपोआप उतरेल. मुलाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी कामं होती. काड्या हा खेळ, वही हे गणित, आणि वही तपासली जाते, म्हणून तिचंच खरं. गठ्ठा सोडणं आणि पाचावर काट मारून चार लिहिणं ही एकच क्रिया आहे, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. आधी काड्या सगळ्या संपवायच्या आणि मग वह्या काढायच्या, हा क्रम आम्हीच ठरवलेला. तिसऱ्या खेपेच्या कागदावर आता असं लिहिलं आहे की एकदा गठ्ठा सोडायचा आणि लगेच वहीत पाचावर काट मारायची, प्रत्येक पायरी दोन्हीकडे बरोबरीने. आणि दुसऱ्या रकान्यात एका नव्या ओळीची भर पडली आहे, "काड्यांचे १४, वहीचे २६, दोन्ही एकाच वेळी मान्य."

ज्येष्ठ बाईंना अहवालात लिहायचं होतं की पहिल्या वेळी चोवीसात आठ, दुसऱ्या वेळी एकवीसात तेरा, म्हणजे सुधारणा झाली. मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलले. शाळा वेगळी, मुलं वेगळी, शिकवणारी वेगळी, आणि आपण एकदम दोन गोष्टी बदलल्या. पाठ सुधारला असेलही, पण या आकड्यांवरून ते म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की दोन गोष्टी आपल्याला आधी दिसत नव्हत्या आणि आता दिसतात. बाईंना ते थोडं लागलं. तरी अहवालात शेवटी तसंच लिहिलं गेलं.

यावर कुणीही विचारेल, आणि माझ्या धाकट्या दिरांनी विचारलंही, की वहिनी, पाच शिक्षकांचे पाच-सहा दिवस एका वजाबाकीवर? वर्षाचे शेकडो तास असतात, त्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. वर्षातून असा एकच, फार तर दोन पाठ होऊ शकतात. पण तो पाठ चांगला करून ठेवणं हा हेतूच नाही. तसा असता तर जपानमधले तयार पाठ मागवले असते की! ते इथे उपयोगी पडले नसते. जपानी मूल बावन्नला 'गो-जू-नी' म्हणतं, पाच-दहा-दोन. अडतीसला 'सान-जू-हाची', तीन-दहा-आठ. ऐकलं त्याच क्रमाने लिहिता येतं आणि गठ्ठे किती, सुटे किती, हे नावातच ऐकू येतं. त्यांच्या टाचणात आमच्या दोन वेण्यावालीची चूक कधीच सापडली नसती. ती चूक आमच्या भाषेतली, ती इथल्या वर्गात बसूनच सापडायची. त्यांच्याकडून पाठ आणण्यात अर्थ नाही. बसायची जागा तेवढी घ्यावी.

इथे मला स्वतःबद्दल एक कबूल करायचं आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नला 'पन्नास दोन' असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. त्यात मीही होते. मराठीचा गळा घोटताहेत, असं मी घरी-दारी तावातावाने बोलले होते. बावन्न, त्रेपन्न, एकोणसाठ हे शब्द जावेत असं मला आजही वाटत नाही. पण त्या वादात मी एकदाही विचारलं नव्हतं की मुलाच्या वहीत काय होतं. आता वाटतं, 'पन्नास दोन' हा बावन्नपर्यंत जायचा जिना असेल तर असू द्यावा. चोवीसात सात मुलं त्या पायरीवर अडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

तो वहीवरचा तळहात मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत मी चौथीला सगळे विषय शिकवायचे. एक मुलगा होता, तोंडी गणितात नेहमी चुकायचा आणि मी जवळ गेले की वही झाकायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." तो काय लिहीत होता ते मी त्याच्या शेजारी बसून एकदाही पाहिलं नाही. कदाचित त्याचं वेगळंच काही असेल. आता कळायला मार्ग नाही.

असो. भाचीचा काल फोन आला होता. दोन वेण्यावाली आता आकडे ऐकून आधी गठ्ठे म्हणते, मग सुटे, आणि मग लिहिते. पाचांतले दोन मात्र अजून सव्वीसवरच आहेत. तिसऱ्या खेपेला पाठ घ्यायचा आहे तो ज्येष्ठ बाईंनी. त्यांनी मला निरोप पाठवलाय, "मावशींना या वेळी त्या दोघांच्या शेजारी बसवा. आणि हाताची घडी घालून बसा म्हणावं."